गडद कप्पा म्हणजे उत्तर की नुसतं कच्चं काम?

*सर, मी भांडुपच्या एका मराठी शाळेत नववीला गणित शिकवते. संचांची एक कृतिपत्रिका ज्यादा सरावाला दिली होती. त्यात तीन वर्तुळांची वेन आकृती काढून A ∪ (B ∩ C') छायांकित करा, असा ३ गुणांचा प्रश्न होता. आता ५२ पेपर पुढ्यात आहेत. कुणी आडव्या रेषा, कुणी तिरप्या, कुणी दोन्ही एकमेकांवर मारल्यात, काही ठिकाणी तर नुसता पेन्सिलचा काळा ढग आहे. उत्तर नेमकं कोणतं धरायचं? काल रात्री मी एका मुलाला ३ दिले आणि आज सकाळी तशीच आकृती काढणाऱ्या मुलीला १ दिला. शिवाय दुसऱ्या प्रश्नात मीच छापलेल्या आकृतीत संयोग दाखवायचा होता, पण झेरॉक्समध्ये मधला भाग जास्तच काळा आला आणि निम्म्या वर्गाने ‘छेद संच’ लिहिलं. कसं तपासू?*
*— एक शिक्षिका, भांडुप*

बाई, नमस्कार.

आधी ते ५२ पेपर बाजूला ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर तुमची स्वतःची आकृती काढा, तीही मोठी. कंपासमध्ये ३ सेंटिमीटर घ्या. पहिलं वर्तुळ काढा, त्याच्या परिघावर टोक ठेवून दुसरं काढा, आणि ही दोन वर्तुळं जिथे छेदतात त्यातल्या एका बिंदूवर टोक ठेवून तिसरं. भोवती चौकट. आता आठ कप्पे झाले, त्यांना नंबर द्या. १ म्हणजे फक्त A, २ फक्त B, ३ फक्त C. ४ म्हणजे A आणि B, पण C नाही. ५ म्हणजे B आणि C, पण A नाही. ६ म्हणजे A आणि C, पण B नाही. ७ हा तिघांचा मधला, आणि ८ म्हणजे वर्तुळांच्या बाहेरचा, चौकटीतला. हे नंबर तुमच्याजवळच ठेवायचे आहेत, मुलांच्या आकृतीत लिहायचे नाहीत.

आता उत्तर नंबरांत काढू. B मध्ये २, ४, ५, ७ हे कप्पे. C' म्हणजे C च्या बाहेरचं सगळं, १, २, ४, ८. दोन्हींत असलेले २ आणि ४. हा झाला B ∩ C'. त्यात A चे १, ४, ६, ७ मिळवले की उत्तर १, २, ४, ६, ७. पाच कप्पे भरलेले, ३, ५ आणि ८ कोरे. बरोबर उत्तर हे एवढंच. ते पेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहून ठेवा.

तुमचा घोटाळा कुठे झाला ते या नंबरांवरून लगेच दिसतं. उत्तराच्या आकृतीत प्रत्येक कप्प्याला एकच गोष्ट सांगायची असते, मी उत्तरात आहे किंवा नाही. तिथे ‘जरा गडद’ नावाची तिसरी अवस्था नसते. मुलं मात्र कच्चं काम आणि उत्तर एकाच आकृतीवर करतात. कच्च्या कामात दोनदा रेषा मारलेल्या कप्प्याला अर्थ असतो, पण तो अर्थ मधल्या चिन्हावर ठरतो. छेद विचारला असेल तर जिथे दोन्ही रेषा आहेत तेवढंच उत्तर. संयोग विचारला असेल तर जिथे कुठलीही एक रेषा आहे ते सगळं उत्तर. म्हणजे रेषा त्याच, कागद तोच आणि उत्तरं दोन.

तुमच्या त्या मुलाची आणि मुलीची आकृती मी अशी कल्पना करून पाहतो: A मध्ये आडव्या रेषा, B ∩ C' मध्ये तिरप्या. कप्पा ४ मध्ये दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, तिथे जाळी होते आणि तो काळपट दिसतो. रात्री तुम्ही ‘रेषा आहेत ते सगळं उत्तर’ असं वाचलंत, १, २, ४, ६, ७ मिळालं, बरोबर आलं. सकाळी चहा झाल्यावर नजर पहिल्यांदा त्या काळ्या जाळीवर गेली, मग ‘हिला फक्त ४ म्हणायचं आहे’ असं वाटलं आणि १ गुण. दोन्ही वेळा तुम्ही प्रामाणिकच होतात. आकृतीच गप्प आहे, ती काही बोलत नाही.

याहून अडचणीची आकृती वेगळी आहे आणि ती ५२ मध्ये नक्की असणार. ज्या पोरांनी तिन्ही संच वेगवेगळ्या रेषांनी दाखवले, A आडव्या, B उभ्या, C' तिरप्या, त्यांची आकृती. तिथे प्रत्येक कप्प्यात किती प्रकारच्या रेषा येतात ते मोजा. ४ मध्ये तिन्ही. १, २ आणि ७ मध्ये दोन-दोन. ५, ६ आणि ८ मध्ये एक-एक. ३ पूर्ण कोरा. आता बघा, ५, ६ आणि ८ तिघंही सारखेच फिके दिसतात. पण ६ उत्तरात आहे, ५ आणि ८ नाहीत. म्हणजे काळेपणाचा कुठलाही नियम लावा, या आकृतीतून बरोबर उत्तर निघतच नाही. मुलाचं कच्चं काम निर्दोष आहे आणि उत्तर त्याने अजून लिहिलेलंच नाही. इथे तुम्हाला संशयाचा फायदा द्यायचाही प्रश्न येत नाही, कारण संशय घ्यावा असं उत्तरच कागदावर नाही. कामाचे गुण द्या, उत्तराचा देऊ नका, आणि कडेला ‘उत्तर कुठे?’ एवढंच लिहा.

याच आकृतीतून एक चूक जन्माला येते, ती ओळखायची सवय लावून घ्या. पोरगं तिन्ही प्रकारच्या रेषा मारतं आणि मग ‘जिथे दोन किंवा जास्त रेषा, ते उत्तर’ असं समजून त्यावर गडद पेन्सिल फिरवतं. उत्तर येतं १, २, ४, ७. फक्त ६ सुटतो. वरवर पाहिलं तर पाचपैकी चार कप्पे बरोबर, ‘बिचारा थोडक्यात चुकला’ असं वाटून आपण अडीच देऊन टाकतो. खरं तर त्याने कंस वाचलेलाच नाही, नुसता काळेपणा मोजला आहे. उलट ज्याने १, २, ४ रंगवलं तो कंस चुकीच्या जागी वाचतो आहे, (A ∪ B) ∩ C' असा. १, ४, ५, ६, ७ आलं तर C वरचा पूरकाचा टिंब त्याच्या नजरेतून सुटला. कप्प्यांचे नंबर हाताशी असले की असं प्रत्येक चुकीचं उत्तर आपला पत्ता आपण सांगतं. नुसत्या आकृतीकडे पाहून ते कळायला मला निवृत्त होईपर्यंत जमलं नाही, नंबरांनी एका आठवड्यात जमलं.

आता तुमच्या ‘अस्पष्ट’ गठ्ठ्याकडे या. तो वेगळा काढा आणि आज त्याला गुण देऊ नका. ज्या आकृत्यांच्या दोन वाचनांत दोन उत्तरं निघतात तेवढ्याच त्यात ठेवा. आधी कागदावरच पुरावा शोधा. काही मुलं कडेला छोटी सूची लिहितात, आडव्या रेषा म्हणजे A वगैरे. सूचीत ‘उत्तर’ असा शब्द असेल तर प्रश्न मिटला. काही उत्तराच्या भागाची कड जाड करतात. तेही चालेल. तसं काहीच नसेल तर त्याच पेपरवर त्या मुलाने छेदाचा सोपा प्रश्न कसा सोडवलाय ते बघा. तिथेही दोन्ही वर्तुळांत रेषा मारून तशाच सोडल्या असतील तर त्याची सवयच ती आहे.

पुरावा नसेल तर पोराला बोलवा. पण ‘उत्तर कुठलं रे?’ असं विचारू नका. तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोट फिरवेल, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. पेन्सिलचं टोक कप्पा ६ वर ठेवा आणि विचारा, “इथे मी एक ठिपका दिला. हा ठिपका तुझ्या उत्तरात आहे की नाही?” हो किंवा नाही, एवढंच. टोक ४ वर ठेवलंत तर फुकट, कारण जाळी उत्तर धरा की सगळ्या रेषा उत्तर धरा, ४ दोन्हींत असतो. ६ मात्र निकाल लावतो. संयोग समजलेला मुलगा ‘आहे’ म्हणतो, नुसती जाळी उत्तर समजणारा ‘नाही’ म्हणतो, आणि कंस सरकवणाराही ‘नाही’च म्हणतो. ‘नाही’ म्हणणाऱ्या दोघांना वेगळं करायला दुसरा ठिपका १ वर ठेवा. कंस सरकवणारा आता ‘आहे’ म्हणेल, जाळीवाला पुन्हा ‘नाही’. एका मुलाला अर्धा मिनिट लागतो. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता निम्मा गठ्ठा संपेल.

गुणांचं म्हणाल तर माझा हिशोब असा आहे. A बरोबर दाखवला, १. B ∩ C' बरोबर शोधला, १. शेवटचं उत्तर एकाच अर्थाने वाचता येतं आणि बरोबर आहे, १. तुमच्या त्या मुलामुलींना दोघांनाही आधी २ द्या आणि तिसरा गुण ठिपका विचारून ठरवा. याला काही शिक्षक हरकत घेतील, म्हणतील पेपर लिहून झाल्यावर तोंडी का विचारायचं? परीक्षेत मीही विचारणार नाही. पण ही सरावाची कृतिपत्रिका आहे आणि उत्तर वेगळं दाखवा अशी सूचना तुम्हीच प्रश्नात दिली नव्हती. सूचना न देता तिच्यावर गुण कापणं मला पटत नाही. पुढच्या वेळी सूचना द्या, मग बेधडक कापा.

पेन्सिलच्या ढगाबद्दल एक-दोन गोष्टी. फिका भाग खरंच फिका आहे की खोडलेला, यात मी एकदा चांगलाच फसलो होतो. लोकलमध्ये उभ्याने पेपर तपासत होतो, डब्यातल्या दिव्यात एका मुलीच्या आकृतीत कप्पा ६ कोरा दिसला, गुण कापला. घरी टेबल लॅम्पखाली कागद जरा तिरपा धरला तर तिथे बारीक रेषा चमकत होत्या. पेन्सिलचं शिसं तिरप्या उजेडात चमकतं, त्यामुळे फिकी रेषाही दिसते. रबराने खोडलेली रेषा तशी दिसत नाही. तिथे कागदाला खाच राहते, पण रेष तुटक असते आणि भोवती धुरकट डाग असतो. मारलेल्या फिक्या रेषेला सुरुवात आणि शेवट स्पष्ट असतात. खोडलेलं दिसलं तर ते नाहीच असं धरा, मुलाने विचार बदलला, तो त्याचा हक्क आहे.

दुसरं, रेषा कडेच्या बाहेर सांडतात. मोठ्या कप्प्यात दोन मिलिमीटर सांडलं तर कुणी विचारत नाही. पण मुलं वर्तुळं बांगडी ठेवून किंवा नाणं ठेवून काढतात, मधला ७ नखाएवढा होतो, आणि शेजारून सांडलेल्या रेषांनीच तो भरून जातो. अशा वेळी मी बघतो की रेषा त्या कप्प्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलीय का. गेली असेल तर भरलेला धरतो, अर्ध्यात थांबली असेल तर सांडलेली. म्हणूनच वर ३ सेंटिमीटर सांगितले. त्या मापाने काढलं तर मधला कप्पाही चारी बाजूंनी ३ सेंटिमीटर रुंद राहतो आणि सगळी आकृती ९ सेंटिमीटरमध्ये बसते, वहीच्या पानावर आरामात. वर्गात फळ्यावर एकदा करून दाखवा, पोरांना मजा वाटते.

आता तुमच्या छापलेल्या आकृतीचं. तुम्ही संगणकावर दोन पारदर्शक करड्या रंगांची वर्तुळं एकमेकांवर ठेवली असणार. तसं केलं की मधला भाग आपोआप दुप्पट गडद होतो, आपण काही न करता. स्क्रीनवर ते छान दिसतं. मग स्टेशनबाहेरच्या दुकानात झेरॉक्स काढली की फिका करडा पांढऱ्याकडे सरकतो आणि गडद काळ्याकडे. मुलाच्या हातात जे येतं त्यात दोन वर्तुळं जवळपास कोरी आणि मधे काळा भाग. त्याने ‘छेद संच’ लिहिलं तर त्याने डोळ्यांना दिसतं तेच लिहिलं. त्या प्रश्नाला A ∪ B आणि A ∩ B दोन्हींना पूर्ण गुण द्या आणि वर्गात सांगून टाका की चूक माझ्या आकृतीत होती. ज्यांनी ‘A’ किंवा ‘A − B’ असं तिसरंच काही लिहिलं त्यांचं मात्र चुकलंच, त्याला झेरॉक्स जबाबदार नाही.

पुढच्या वेळी छापायच्या आकृतीत रंग भरूच नका. काळ्या पेनाने हाताने तिरप्या रेषा मारा, एकाच दिशेच्या, आणि मधल्या भागातही त्याच रेषा अखंड पुढे जाऊ द्या. छापण्याआधी झेरॉक्सची झेरॉक्स काढून बघा, त्यातही उत्तर एकच निघत असेल तर ती आकृती वर्गात न्यायला हरकत नाही. लाल-हिरव्या रंगांवर अवलंबून राहू नका, झेरॉक्समध्ये दोन्ही एकसारखेच करडे होतात, आणि वर्गात एखाद्याला ते दोन रंग वेगळे दिसतच नसतील.

गंमत म्हणून सांगतो, ज्यांच्या नावाने आपण ही आकृती शिकवतो त्या जॉन वेन यांनी १८८० साली ती मांडली तेव्हा कप्पा काळा करण्याचा अर्थ अगदी उलटा होता. काळा केलेला कप्पा म्हणजे इथे कुणीच नाही, हा रिकामा आहे. तर्कशास्त्रात आजही तसंच रंगवतात. तुमच्या वर्गातल्या एखादीची ताई कॉलेजात तर्कशास्त्र शिकत असेल आणि तिने घरी शिकवलं असेल, तर तिची आकृती नेमकी उलटी, ३, ५, ८ काळे आणि बाकी कोरे, अशी येऊ शकते. सूचीत तसं लिहिलं असेल तर पूर्ण गुण द्या. लिहिलं नसेल तर ठिपका आहेच.

नव्या कृतिपत्रिकेत प्रश्नाखाली दोन चौकटी छापा. डावीकडे ‘कच्चं काम’, तिथे पोरांनी हव्या तेवढ्या रेषा माराव्यात. उजवीकडे ‘उत्तर’, तिथे एकाच प्रकारच्या रेषा. उजवीकडच्या आकृतीत कप्प्यांचे नंबर आधीच छापा आणि खाली एक ओळ सोडा, ‘उत्तरातले कप्पे’. मग तुम्ही फक्त ती ओळ वाचायची, ५२ पेपर अर्ध्या तासात होतील. ओळ आणि आकृती जुळत नसेल, समजा ओळीत ६ आहे आणि आकृतीत ६ कोरा राहिलाय, तर मी अर्धा गुण कापतो. त्याला उत्तर कळलंय, पण प्रश्न रंगवण्याचा होता.

शेवटी एक गठ्ठा राहील, ज्यांनी चौकटच काढलेली नाही. त्यांच्याकडे कप्पा ८ अस्तित्वातच नाही. या प्रश्नाच्या उत्तरात ८ येत नाही, म्हणून इथे उत्तराचा गुण कापू नका, कडेला नुसतं ‘विश्वसंच?’ लिहा. पण त्याच पेपरात (A ∪ B)' सारखा प्रश्न असेल तर तिथे त्यांचं उत्तर रंगवायला जागाच नाही, आणि तिथला गुण जाणारच.